अपेक्षित चलनवाढ फिलिप्स वक्रात नेमकी कुठे बसते

प्रश्न : सर, मी परभणीला एम.ए. अर्थशास्त्र करतेय, सोबत सेटची तयारी चालू आहे. पुस्तकात बेरोजगारी आणि चलनवाढ यांचा संबंध दाखवणारा अल्पकालीन फिलिप्स वक्र उतरता काढलाय आणि दीर्घकालीन सरळ उभा. दोन्ही पाठ आहेत, पण एकाच अर्थव्यवस्थेत दोन्ही खरे कसे, ते डोक्यात बसत नाही. ‘अपेक्षित चलनवाढ बदलली की वक्र सरकतो’ असं लिहिलंय. अपेक्षा तर लोकांच्या मनात असते, ती आकड्यात शिरते कुठून? आणि बेरोजगारीचा नैसर्गिक दर म्हणजे किती? तो ठरवतं कोण?

उत्तर :

आकृती थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी पगाराकडे बघा. माझं बरंचसं आयुष्य वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांसाठी पगारकरारांची गणितं मांडण्यात गेलं, त्यामुळे मला हा विषय तिथूनच सोपा वाटतो.

करार बहुधा तीन वर्षांचा असतो. युनियन मागणीपत्र देते, व्यवस्थापन आपला तक्ता काढतं, आणि मग दोन-चार महिने घासाघीस चालते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळं भांडण एका रकमेवर आहे. तक्ता उघडला की त्या रकमेचे दोन वेगळे भाग दिसतात. पहिला भाग असतो येत्या तीन वर्षांतल्या महागाईचा. किराणा, घरभाडं, मुलांची फी दरसाल साधारण किती चढेल, याचा अंदाज दोन्ही बाजू धरून चालतात. पाच टक्के धरला तर पाच टक्के वाढ ही वाढच नसते, माणूस आहे तिथेच राहतो. त्यावर फारसा वाद होत नाही, कारण मालकालाही आपल्या मालाचा भाव तेवढा वाढेल असं वाटत असतं. खरी ओढाताण दुसऱ्या भागावर होते, आणि तो भाग ठरतो गेटबाहेरच्या परिस्थितीवरून. शेजारचे प्लॉट भरलेले असतील, चांगला फिटर किंवा सीएनसी मशिनवरचा माणूस मिळत नसेल, तर युनियनचा आवाज चढतो आणि महागाईच्या वर दोन टक्के पदरात पडतात. मंदी असेल, आयटीआय झालेली पोरं अर्ज घेऊन रांगेत उभी असतील, तर महागाईइतकी वाढ मिळवतानाही दमछाक होते.

तुमचा अख्खा धडा या दोन भागांत आहे. पहिला भाग म्हणजे अपेक्षित चलनवाढ. ती मनात असते हे खरं, पण करारावर सही झाली की ती कागदावर येते, कागदावरून उत्पादनखर्चात जाते आणि खर्चातून किमतीत. दुसरा भाग म्हणजे बेरोजगारी तिच्या नैसर्गिक दरापेक्षा किती वर किंवा खाली आहे, ते. सूत्र असं लिहितात :

चलनवाढ = अपेक्षित चलनवाढ − अ × (बेरोजगारी − नैसर्गिक दर)

इथे ‘अ’ म्हणजे बेरोजगारीतल्या एका अंकाच्या फरकाने पगार आणि किमती किती हलतात त्याचं माप. पुरवठ्याच्या धक्क्यांसाठी शेवटी आणखी एक पद जोडतात, त्याकडे नंतर येतो.

आपल्या बीड-धारूरकडच्या ऊसतोड मजुरांचं उदाहरण याहून उघडं आहे. त्यांचा टनामागचा दर साखर संघ आणि संघटना यांच्यात काही वर्षांसाठी एकदाच ठरतो, आणि मधल्या काळात भाव कितीही चढले तरी तो हलत नाही. २०२० साली तो २७३ रुपये झाला. पुढची वाढ जानेवारी २०२४ मध्ये ठरली, ३४ टक्के, म्हणजे टनाला ३६६ रुपये. दरम्यानच्या काळात देशातली किरकोळ महागाई साधारण सतरा-अठरा टक्के झाली होती. म्हणजे कारखान्यांना सलग तीन हंगाम दरवर्षी थोडी थोडी स्वस्त मजुरी मिळत गेली, आणि २०२४ च्या ३४ टक्क्यांतला निम्मा भाग नुसती मागची झीज भरून काढण्यात गेला. रक्कम रुपयात बांधलेली असते आणि भाव मोकळे असतात. या दोहोंच्या मधल्या फटीतच अल्पकालीन फिलिप्स वक्र जगतो.

आता वाळूजमध्ये परत या. समजा करारात पाच टक्के महागाई धरली आणि प्रत्यक्षात ती आठ निघाली. कारखानदाराचा माल आठ टक्क्यांनी महाग विकला जातोय, पगार मात्र जुन्या अंदाजावर बांधलेला आहे. त्याला माणूस तीन टक्क्यांनी स्वस्त पडतो, म्हणून तो दुसरी पाळी सुरू करतो, कंत्राटी भरती करतो, आणि बेरोजगारी घटते. उलट महागाई दोनच टक्के निघाली तर तोच पगार जड होतो आणि भरती थांबते. दोन्ही वेळी काम केलं ते अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या तफावतीने. आठ टक्के महागाई आधीच करारात धरलेली असती, तर भरतीवर काहीही परिणाम झाला नसता.

मिल्टन फ्रीडमन यांनी हे सांगताना कामगार फसतो अशी मांडणी केली होती, म्हणजे त्याला वाढलेला पगार दिसतो पण वाढलेले भाव उशिरा कळतात. माझ्या अनुभवात कामगार सहसा फसत नाही, भाव त्याला सगळ्यात आधी कळतात. त्याचे हात करारात अडकलेले असतात. स्टॅन्ली फिशर आणि जॉन टेलर यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हीच बाजू मांडली, आणि तिच्यातून येणारा निष्कर्ष तोच राहतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. जिथे महागाई भत्ता निर्देशांकाला पूर्ण बांधलेला आहे, तिथे तफावत टिकत नाही, दर काही महिन्यांनी भरून निघते. अशी व्यवस्था देशभर असेल तर अल्पकालीन वक्र बराच उभट होतो, कारण महागाई वाढवूनही रोजगार फारसा हलत नाही.

आता आकडे घालून बघू, कारण ‘वक्र सरकतो’ हे वाक्य गणित केल्याशिवाय कळत नाही. नैसर्गिक दर ६ टक्के धरा, ‘अ’ अर्धा धरा, आणि लोकांची अपेक्षा ‘गेल्या वर्षी होती तितकीच यंदा’ अशी साधी धरा. सुरुवातीला बेरोजगारी ६ आणि चलनवाढ ३ आहे. सगळ्यांनी ३ धरलेत, ३ च होतायत, शांतता आहे.

सरकारला निवडणूक दिसते. खर्च वाढवून, कर्ज स्वस्त करून ते बेरोजगारी ४ वर आणतं. फरक दोनाचा, त्याचा निम्मा एक, म्हणून चलनवाढ ३ अधिक १, म्हणजे ४. बेरोजगारी दोन अंकांनी घटली आणि महागाई एकानेच वाढली, सौदा फारच छान दिसतो. अल्पकालीन वक्रावर आपण डावीकडे वर सरकलो, एवढंच झालं.

दुसऱ्या वर्षी करार करणाऱ्यांनी ४ धरलेत. बेरोजगारी ४ वरच ठेवायची असेल तर चलनवाढ आता ४ अधिक १, म्हणजे ५ होते. तिसऱ्या वर्षी ६, चौथ्या वर्षी ७. बेरोजगारीत काडीचाही फरक नाही, ती ४ च आहे, पण तिथे टिकून राहायची किंमत दरवर्षी एक अंकाने चढतेय. इथे वक्र सरकतोय. ३ अपेक्षेचा एक वक्र, ४ अपेक्षेचा त्याच्या वर दुसरा, ५ चा त्याच्याही वर. पुस्तकातली आकृती त्यातला एकच काढते म्हणून गोंधळ होतो. खरं तर प्रत्येक अपेक्षेला एक, अशी वक्रांची थप्पीच असते.

चार वर्षांनी सरकार दमलं आणि बेरोजगारी परत ६ वर गेली. फरक शून्य, म्हणून चलनवाढ अपेक्षेइतकी. आणि अपेक्षा आता ७ आहे. म्हणजे ६ टक्के बेरोजगारी तीच, पण चलनवाढ ३ ऐवजी ७. कागदावर हे दोन बिंदू मांडा : ६ आणि ३, ६ आणि ७. एकावर एक येतात. ते जोडले की तुमचा उभा दीर्घकालीन वक्र. तो वेगळा सिद्धान्त नाही. वरच्याच सूत्रात ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ सारखे लिहून पाहा. दोन्ही बाजूंनी ते उडतात आणि बेरोजगारी बरोबर नैसर्गिक दर, एवढंच उरतं. चलनवाढ कितीही असो, सगळ्यांनी ती आधीच धरली असेल तर बेरोजगारी तिथेच येणार. परीक्षेत अनेक जण ‘दीर्घकाळात चलनवाढ शून्य होते’ असं लिहितात, ते साफ चूक आहे. उभा वक्र चलनवाढ किती राहील याबद्दल अवाक्षरही काढत नाही, ते चलनविषयक धोरणावर ठरतं.

मग फिलिप्स यांना एकच वक्र कसा सापडला, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. ए. डब्ल्यू. फिलिप्स हे मूळचे न्यूझीलंडचे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवायचे. १९५८ च्या त्यांच्या निबंधात ब्रिटनचे १८६१ ते १९५७ चे आकडे होते, आणि तेही किमतींचे नव्हते, पगारवाढीचे आणि बेरोजगारीचे होते. त्या काळाचा मोठा भाग सुवर्णमानकाचा होता. भाव काही वर्षं चढायचे, काही वर्षं उतरायचे, पण लांब पल्ल्यात सतत चढत राहत नव्हते. त्यामुळे करारात महागाईसाठी वेगळा रकाना धरायची कुणाला गरजच नव्हती. सूत्रातलं अपेक्षेचं पद शून्याच्या आसपास बसून होतं आणि म्हणून दिसत नव्हतं. १९६० मध्ये सॅम्युअलसन आणि सोलो यांनी हा संबंध अमेरिकेला लावला, तोही किमतींच्या भाषेत, आणि धोरणकर्त्यांना वाटलं की इथून हवा तो बिंदू निवडता येईल. खुद्द त्या दोघांनी, काळ जाईल तसा वक्र बदलू शकतो, असा इशारा त्याच लेखात दिला होता. तो फार थोड्यांनी वाचला.

फ्रीडमन यांनी डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात, आणि त्याच सुमारास एडमंड फेल्प्स यांनी स्वतंत्रपणे सांगितलं की हा सौदा टिकणार नाही. मला या गोष्टीचं मोल यासाठी वाटतं की तोवर आकडे जुन्या वक्राच्याच बाजूने होते. पुरावा नंतर आला. तो बघताना अमेरिकेची तीन वर्षं पुरेत, तीही वार्षिक सरासरीची. १९६४ मध्ये बेरोजगारी ५.२ टक्के आणि ग्राहक किमतींची चलनवाढ १.३ टक्के. १९७१ मध्ये बेरोजगारी ५.९, चलनवाढ ४.४. १९७९ मध्ये बेरोजगारी ५.८, चलनवाढ ११.३. बेरोजगारीचे आकडे जवळजवळ एकाच जागी आहेत आणि चलनवाढ आठपटीहून अधिक झाली. आलेखावर मांडलंत तर वर जाणारी, जवळपास उभी रेघ दिसेल.

मधल्या काळात काय झालं? व्हिएतनाम युद्धाचा आणि कल्याणकारी योजनांचा खर्च एकदम वाढला आणि १९६९ पर्यंत बेरोजगारी ३.५ टक्क्यांवर आली. चलनवाढ तेव्हा ५.५ वर गेली होती. मग १९७० च्या सुमारास मंदी आली, बेरोजगारी वाढली, पण चलनवाढ काही १९६४ च्या पातळीला उतरली नाही. पगाराच्या तक्त्यांत एव्हाना महागाईचा रकाना भरला गेला होता. इथे मुद्दाम १९७१ घेतलंय, कारण विद्यार्थी या सगळ्याचं खापर तेलावर फोडतात. तेलाचा पहिला धक्का ऑक्टोबर १९७३ चा. वक्र त्याच्या आधीच सरकलेला होता. १९७९ च्या ११.३ मध्ये मात्र तेलाचा वाटा मोठा आहे, तेव्हा तो सगळा आकडा अपेक्षेच्या खात्यावर टाकू नका.

वर चढलेली अपेक्षा उतरवायची कशी? आपल्या उदाहरणात चलनवाढ ७ वरून ३ वर आणायची आहे. बेरोजगारी ८ वर न्या, फरक दोनाचा, चलनवाढ दरवर्षी एक अंकाने उतरेल, म्हणजे चार वर्षं लागतील. चार वर्षं दोन-दोन अंक जादा बेरोजगारी, एकूण आठ. चलनवाढ उतरली चार अंक. एका अंकामागे दोन ‘बेरोजगारी-वर्षं’ मोजावी लागली, यालाच त्याग-गुणोत्तर म्हणतात. आता मागे वळून बघा. चढताना आपण चार वर्षं दोन-दोन अंक कमी बेरोजगारी भोगली होती, तेही आठच. सरळ रेषेच्या गणितात हिशोब शून्यावर येतो. जास्तीचा रोजगार निर्माण झाला नाही, तो पुढच्या वर्षांतून उचल घेतल्यासारखा आधी वापरला गेला, आणि आपल्याकडे उचलीची फेड कशी होते ते बीडच्या माणसाला सांगायला नको.

प्रत्यक्षात पॉल व्होल्कर यांनी हे केलं. ते ऑगस्ट १९७९ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष झाले, आणि १९८१ मध्ये अमेरिकेतला अल्पमुदतीचा व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात गेला. बेरोजगारीची वार्षिक सरासरी १९८० ते १९८५ अशी होती : ७.१, ७.६, ९.७, ९.६, ७.५, ७.२. १९८२ च्या अखेरीस तर महिन्याचा आकडा १०.८ ला टेकला. चलनवाढ १९८० च्या १३.५ वरून १९८३ मध्ये ३.२ वर आली आणि १९८५ मध्ये ३.६ होती. नैसर्गिक दर ६ धरून वजाबाक्या करा : १.१, १.६, ३.७, ३.६, १.५, १.२. बेरीज १२.७. चलनवाढ उतरली ९.९. म्हणजे एका अंकामागे सुमारे १.३ बेरोजगारी-वर्षं. हे गणित स्वतः करून बघा आणि नैसर्गिक दर ६ ऐवजी ६.५ धरून पुन्हा करा. बेरीज १२.७ वरून ९.७ वर येईल, गुणोत्तर एकाच्याही खाली जाईल. नैसर्गिक दराच्या अंदाजातला अर्धा टक्का निष्कर्ष केवढा हलवतो, ते त्यातून कळेल.

विवेकशील अपेक्षांची मांडणी करणारे म्हणतात, लोक मागचंच वर्ष बघत नाहीत, धोरणही बघतात. मध्यवर्ती बँकेवर विश्वास असेल तर ‘उतरवणार’ म्हटल्याबरोबर करारात ३ धरले जातील, आणि बेरोजगारी न वाढवताच काम होईल. सूत्रात हे अगदी बरोबर बसतं. व्यवहारात एक अडचण असते : विश्वास बसला तरी जुने तीन वर्षांचे करार संपेपर्यंत पगार जुन्याच अपेक्षेवर चालतात. व्होल्कर यांच्यावर तर सुरुवातीला विश्वासच नव्हता, कारण आधीच्या प्रत्येक वेळी फेडने मंदी दिसताच हात सैल सोडला होता.

आता नैसर्गिक दर. नाव फ्रीडमन यांनी व्हिक्सेल यांच्या ‘नैसर्गिक व्याजदरा’वरून घेतलं. त्यात निसर्गाने ठरवलेलं काही नाही, आणि तो दर चांगला किंवा न्याय्य असतो असंही नाही. तो शून्य नसतो, कारण कुणीतरी नेहमीच एक नोकरी सोडून दुसरी शोधत असतं, आणि कुणाचं कौशल्य एक असतं तर मागणी दुसऱ्याच कौशल्याला असते. जालन्याच्या स्टील कारखान्याला भट्टीवरचा माणूस हवाय आणि परभणीत बी.ए. झालेली दहा मुलं रिकामी आहेत. व्याजदर कितीही उतरवा, त्यांची गाठ पडणार नाही. पडेल ती प्रशिक्षणाने, प्रवासाच्या सोयीने, भाड्याच्या परवडणाऱ्या खोल्यांनी. म्हणजे नैसर्गिक दर खाली आणता येतो, पण त्याची साधनं वेगळी आहेत. ते साध्य झालं की उभा वक्र डावीकडे सरकतो, आणि तो फायदा टिकतो.

तो किती, हे कुणी ठरवत नाही आणि कुणी थेट मोजूही शकत नाही. चलनवाढ ना चढते ना उतरते अशी बेरोजगारी कोणती होती, ते मागे वळून काढतात. म्हणूनच अंदाज ढिला असतो. १९९७ मध्ये स्टायगर, स्टॉक आणि वॉटसन यांनी अमेरिकेचा १९९० चा दर ६.२ टक्के काढला, पण ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर तो ५.१ ते ७.७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकत होता. या पट्ट्याच्या दोन टोकांना धोरण अगदी उलट दिशेला जातं. नव्वदच्या दशकात तिथे ६ हा दर धरून बसलेल्यांनी बेरोजगारी ५ च्या खाली येताच महागाईची भीती घातली होती. २००० साली ती ४ पर्यंत आली तरी चलनवाढ उधळली नाही. शिवाय मंदी लांबली तर रिकामा बसलेला माणूस कौशल्य विसरतो, मालक त्याला दारात उभं करत नाही, आणि खुद्द नैसर्गिक दरच वर चढतो. युरोपात ऐंशीच्या दशकात तसं झालं असं बऱ्याच अर्थतज्ज्ञांचं मत आहे. तसं असेल तर वर मी ‘हिशोब शून्यावर येतो’ म्हटलं ते फार उदार ठरतं.

आता राहिलेलं पद, पुरवठ्याचा धक्का. लातूरच्या आडत बाजाराजवळ राहणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं पाऊस रुसला, तूर गेली आणि २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांवर पोचली. हे बेरोजगारी कमी झाल्यामुळे झालं नव्हतं. उलट मराठवाड्यात हाताला काम नव्हतं आणि डाळ महाग होती. म्हणजे आलेखावर दोन्ही एकदम वर. कुणी हे बघून ‘फिलिप्स वक्र चुकीचा’ म्हणेल तर त्याला विचारा, शेवटचं पद कुठे ठेवलंस?

अशा धक्क्यापुढे मध्यवर्ती बँकेने काय करावं, याचं उत्तर पुन्हा अपेक्षेतच आहे. डाळ महागली आणि पुढच्या पावसाने उतरली, मधल्या काळात करारांत कुणी जादा महागाई धरली नाही, तर धक्का आला आणि गेला. पण लोकांनी ‘आता असंच चालणार’ म्हणून पगार, भाडं, फी सगळीकडे तो धरला, तर एकदाचा धक्का कायमचा होतो आणि वक्र खरोखर वर सरकतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोसकट भाजीपाला भडकला आणि आपली किरकोळ चलनवाढ ७.४४ टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून हलवला नाही. सप्टेंबरपर्यंत चलनवाढ ५.०२ वर आली. बँकेला थांबणं परवडलं, कारण २०१६ पासून ४ टक्के, दोन अंक इकडे-तिकडे, हे लक्ष्य कायद्याने जाहीर आहे आणि ते बऱ्यापैकी पाळलं जातं असा अनुभव लोकांच्या गाठीशी होता.

इथे मात्र एक फसवी जागा आहे. अपेक्षा लक्ष्याला घट्ट बांधलेली असेल, तर वक्र दरवर्षी सरकत नाही, आणि आकडे पुन्हा फिलिप्स यांच्या जुन्या एकाच वक्रासारखे दिसू लागतात. ‘थोडी महागाई सोसली तर कायमचा रोजगार मिळतो’ असं तेव्हा पुन्हा कुणीतरी म्हणतं. साठच्या दशकात आकडे असेच शहाणे दिसत होते. बांधलेली अपेक्षा ही धोरणाची कमाई असते, आणि तिचा वापर सुरू झाला की ती सुटते.

शेवटी, तुम्ही प्रकल्पासाठी भारताचे आकडे घेऊन बसणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. चलनवाढ विरुद्ध बेरोजगारी असा आलेख काढू नका. त्यातून ढग मिळेल. ‘यंदाची चलनवाढ वजा गेल्या वर्षीची’ एका अक्षावर घ्या, कारण साध्या अपेक्षेखाली सूत्राची डावी बाजू तीच उरते. अन्न आणि इंधन वगळलेली गाभा चलनवाढ घेतलीत तर आणखी बरं. २०१२ पाया वर्षाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन ४६ टक्क्यांच्या जवळ होतं, म्हणजे निम्मा निर्देशांक पावसावर हलायचा. दुसरं, आडव्या अक्षावर बेरोजगारीचा सरकारी आकडा टाकताना जपून. श्रमबल सर्वेक्षणाच्या नेहमीच्या स्थितीच्या मापाने २०२२-२३ चा दर ३.२ टक्के आहे. गेवराईचा माणूस ऑक्टोबरमध्ये कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातो, उन्हाळ्यात परत येऊन चार एकर कोरडवाहूत राबतो किंवा नुसता बसतो. वर्षभराच्या मापात तो ‘रोजगारात’च मोजला जातो. काम कमी झालं की आपल्याकडे माणूस बेरोजगार होत नाही, त्याचे कामाचे दिवस आणि मजुरी घटते. म्हणून रिझर्व्ह बँकेतले संशोधकही बेरोजगारीऐवजी उत्पादनातली तफावत, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन आणि संभाव्य उत्पादन यांतला फरक, वापरतात. चिन्ह तेवढं उलटं होतं : तफावत धन असेल तर चलनवाढ अपेक्षेच्या वर. संभाव्य उत्पादनही नैसर्गिक दरासारखंच अंदाजाने काढावं लागतं, तेव्हा ते दोन वेगळ्या पद्धतींनी काढा आणि उत्तराची दिशा दोन्हींत तीच राहते का ते आधी तपासा.